मिनॉक्सिडिलने केस आणखीच गळतायत, बंद करू का?

ओंकार_२७: माथ्यावर केस विरळ झालेत. डॉक्टरांनी ५ टक्के मिनॉक्सिडिल दिलंय, दोन्ही वेळ एक-एक मिली. सहा आठवडे झाले, तर न्हाणीच्या जाळीवर आधीपेक्षा जास्त केस. आता फिनास्टेराइडही घ्या म्हणतात. मित्र म्हणतो, सोडलं की टक्कल पडणारच. थांबवू का?

घाटवाट: लगेच थांबव. मी दीड वर्ष लावलं, कंटाळून सोडलं आणि चार महिन्यांत सगळं गेलं. आधीपेक्षा वाईट झालं.

त्वचा_ओपीडी: ओंकार, सहाव्या आठवड्याला सोडलंत तर फक्त गळती पदरात पडेल. औषधाने नवा केस उगवायला लागतो तेव्हा मुळाशी सुटत आलेला जुना केस आधी पडतो. ही गळती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ओसरते. फरक चौथ्या ते सहाव्या महिन्यात दिसू लागतो, खरा अंदाज वर्षाने येतो. त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांचा, दर महिन्याला एक फोटो काढा. आरशावर विसंबू नका.

घाटवाट, तुमचा अनुभव खरा आहे, पण औषधाने काही बिघडवलं नाही. दीड वर्ष ते केस औषधावर तगले होते. आतलं टक्कल मात्र पुढे सरकतच होतं. सोडल्यावर ते सगळं एकदम दिसलं.

मीनल_पुणे: मला डेंग्यूनंतर मूठमूठ केस जायचे. काहीही न लावता सहा महिन्यांत परत आले. धीर धरा.

त्वचा_ओपीडी: मीनलताई, तापानंतरची गळती डोक्यावर सगळीकडून होते आणि आपोआप भरते. ओंकारचं माथ्यावरच आहे, ते वाट बघून भरत नाही.

घाटवाट: आणि फिनास्टेराइडचं? त्याने पुरुषत्व जातं, हे का सांगत नाही?

समीर_ठाणे: सगळ्यांचं जात नाही. मी रोज १ मिग्रॅ घेत होतो. तिसऱ्या महिन्यात इच्छाच मेल्यासारखी झाली. बायकोशी बोललो, डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली. दोनेक महिन्यांत पूर्ववत झालो. केस वर्षभरात होते तिथे गेले. मला तो सौदा मान्य आहे.

त्वचा_ओपीडी: हा त्रास शंभरातल्या थोड्यांनाच होतो आणि बहुतेकांचा गोळी थांबवल्यावर जातो. काहींचा मात्र रेंगाळतो आणि तो का, यावर आम्हा डॉक्टरांतही एकमत नाही. मन खचणं, आत्महत्येचे विचार येणं हेही नोंदलेलं आहे. ओंकार, नैराश्याचा पूर्वेतिहास असेल तर गोळी सुरू करण्याआधीच सांगा. घरी कुणी गरोदर असेल तर तुटलेल्या गोळीला तिने हात लावायचा नाही. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान नको.

घाटवाट: एवढं सांभाळायचं तर केस कापून मोकळं झालेलं बरं. मी तेच केलं, सुखी आहे.

ओंकार_२७: आधी सहा महिने फक्त मिनॉक्सिडिल लावतो. वडिलांना नैराश्याची गोळी चालू आहे, हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. गोळीचं ते बोलल्यावर ठरवेन.