मित्राकडे पैसे मागायचं बटण काढून टाकलं, हे बरोबर झालं का?

हरिहरवारी (सिडको, नाशिक)
आम्ही १२ जण दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गडावर जातो आणि हिशोब माझ्याकडे असतो. ट्रेक झाला की मी प्रत्येकाला यूपीआयवर कलेक्ट रिक्वेस्ट टाकायचो. रक्कम मी भरायची, त्याने फक्त मंजूर करून पिन टाकायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून ते बटणच गेलं. म्हणे फसवणूक होते. दुकानांची रिक्वेस्ट मात्र तेव्हा बंद केली नाही. चोरांपायी आम्ही का भोगायचं? तुमचं मत सांगा.

---

सातपूरचा विनय
बंद केलं ते उत्तम केलं, खरं तर उशीरच झाला.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी जुनं लाकडी कपाट विकायला काढलं. किंमत ८,५००. एकाचा फोन आला, घासाघीस न करता हो म्हणाला. आधी त्याने १ रुपया पाठवला, तो खरोखर जमा झाला. मग म्हणाला, "काका, बाकीचे पाठवतोय, अ‍ॅपमध्ये येईल, मंजूर करा." आली ती २,००० ची कलेक्ट रिक्वेस्ट आणि खाली शेऱ्यात लिहिलेलं, "कपाटाचा अ‍ॅडव्हान्स मिळेल". वडिलांनी पिन टाकला. दुसरी आली, टाकला. तिसरीलाही टाकला. चौथीच्या वेळी आई म्हणाली, बँकेचे मेसेज तर पैसे गेल्याचे येताहेत. तोवर ६,००० गेले होते.

वडील ३१ वर्षं कारखान्यात सुपरवायझर होते, अडाणी नाहीत. तुमचे ट्रेकचे पैसे दोन दिवस उशिरा आले तर काय बिघडतं?

कॉलेज रोड
विनय, वाईट झालं, पण चूक पिन टाकणाऱ्याचीच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे बँका किती वर्षं सांगताहेत.

आणि हरिहरवारी, आता क्यूआरसुद्धा बंद होणार बघा. क्यूआर म्हणजे तरी काय, दुकानदाराची कलेक्ट रिक्वेस्टच ती. रक्कम तो मागतो, आपण पिन टाकतो.

रजनी_इंदिरानगर
माझेही दर महिन्याच्या ५ तारखेला १४९ रुपये कापले जातात, कुणी मागायलाही येत नाही. बटण काढलं म्हणता, मग हे कसं चालू आहे? बँकेत गेले तर म्हणाले अ‍ॅपमध्ये बघा.

पेन्शनर पंचवटी
रजनीताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. ते ऑटोपे. कधीतरी एकदा परवानगी देऊन पिन टाकला असणार, त्या परवानगीवर दर महिन्याला पैसे जातात. अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाचा भाग शोधा, तिथे ते १४९ दिसतील आणि तिथूनच रद्दही होतील. कलेक्ट रिक्वेस्टमध्ये दर वेळी नव्याने मंजुरी लागते.

कॉलेज रोड, पिनचं तुमचं म्हणणं बरोबर, क्यूआरचं नाही. बँकेत शेवटची काही वर्षं माझ्याकडे याच तक्रारी होत्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हरिहरवारींनी ६२० रुपये मागितले असं धरा. मागणी त्यांच्या अ‍ॅपमागच्या बँकेकडे जाते, तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेकडे. ती समोरच्याचा यूपीआय आयडी बघते. त्यातल्या @ च्या पुढच्या भागावरून कुठल्या अ‍ॅपकडे जायचं ते कळतं आणि मागणी तिथे पोचते. पोचल्यावर ती नुसती पडून राहते. एक पैसा हललेला नसतो. समोरच्याने नाकारलं तर ZA, मुदत संपून गेली तर U69, असे कोड आमच्या पडद्यावर यायचे. दोन्ही ठिकाणी खात्याला धक्का नाही. त्याने मंजूर करून पिन टाकला तरच त्याची बँक रक्कम वजा करते आणि मग हरिहरवारींच्या खात्यात जमा होते. म्हणजे पिन टाकल्यापासून पुढचा रस्ता तुम्ही आपणहून पैसे पाठवता तेव्हासारखाच.

फरक आहे तो पिनच्या आधी. क्यूआर स्कॅन करताना सुरुवात तुम्ही करता, फोन तुम्ही उचलता. कलेक्टमध्ये रक्कम मागणारा लिहितो, शेरा मागणारा लिहितो आणि कधी पाठवायची ती वेळही तोच ठरवतो. शेऱ्याच्या जागी काहीही लिहिता येतं, कोणी तपासत नाही. पण माझ्या मते खरी मेख वेळेत आहे. विनयच्या वडिलांना रिक्वेस्ट आली तेव्हा तो माणूस फोनवर बोलत होता, बरोबर ना? पिनच्या पानावर रक्कम आणि कोणाला जाणार ते स्वच्छ लिहिलेलं असतं. पण माणूस त्या क्षणी वाचत नसतो, कानातलं ऐकत असतो.

सातपूरचा विनय
हो, पूर्ण वेळ फोनवरच होता. "काका घाई करा, ड्युटीवर जायचंय," असं चाललं होतं.

हरिहरवारी
पेन्शनरकाका, पटलं. पण मग त्यावर इलाज होतेच की. व्यक्ती-व्यक्तीत २,००० ची मर्यादा आधीपासून होती. ३० जून २०२५ पर्यंत सगळ्या अ‍ॅपना, पैसे घेणाऱ्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवायला सांगितलं. अनोळखी माणसाची रिक्वेस्ट आली तर इशारा यायचा, ब्लॉक करता यायचं. मग ज्यांच्याशी माझी दहा वेळा देवाणघेवाण झालीय त्यांना तरी चालू ठेवायचं होतं. सरसकट कशाला?

आणि माझी अडचण "दोन दिवस उशीर" एवढीच नाही, विनयभाऊ. गेल्या वेळचं सांगतो. जीप ४,८००, निरगुडपाड्यात जेवण १२ जणांचं २,१६०, चहा-नाश्ता ४८०. एकूण ७,४४०, माणशी ६२०. पूर्वी मी ११ रिक्वेस्ट टाकून झोपायचो, सकाळी आठ-नऊ जणांचे आलेले असायचे. या वेळी ग्रुपवर "६२० टाका रे" लिहिलं. एकाने ६०० पाठवले, एकाने ६,२००. हो, एक शून्य जास्त! एकाने माझ्याच नावाच्या दुसऱ्या माणसाला पाठवले. रक्कम मागणारा लिहितो हा दोष म्हणता, आमच्यासाठी तोच फायदा होता.

मेन रोड मेडिकल
मी दुकानदार, माझी रिक्वेस्ट चालू आहे, तेव्हा माझं मत तुम्हाला स्वार्थी वाटेल. वाटू दे.

घरपोच औषधं मागवणाऱ्या गिऱ्हाइकांना मी रिक्वेस्ट पाठवतो. पण ही सोय मिळवताना दुकानाचा परवाना, पॅन, चालू खातं, सगळं द्यावं लागलं. माझ्या नावावर तक्रार आली तर सोय जाईल आणि दुकान कुठे पळवून नेऊ? विनयच्या वडिलांना फसवणारा कोणाच्या तरी भाड्याच्या खात्यावरून बोलत होता. हरिहरवारी, बँकेतलं नाव दाखवलं तरी ते त्या भाड्याच्या खातेदाराचं खरं नाव दिसणार. त्याने काय कळणार?

आमच्यातही कटकटी आहेतच. माझ्याकडच्या रिक्वेस्टला ५ मिनिटांची मुदत आहे. म्हाताऱ्या आजी चष्मा शोधेपर्यंत ती संपते. मग परत पाठव, परत फोन. आता मी आधी फोन करतो, "आजी, चष्मा घ्या," आणि मग पाठवतो.

कॉलेज रोड
म्हणजे तुम्हीही फोनवर बोलत असतानाच रिक्वेस्ट पाठवता! भामट्यात आणि तुमच्यात आजींना फरक कसा कळायचा? 😄

मेन रोड मेडिकल
हसण्यावारी नेऊ नका, मुद्दा लागलाय मला. आजी मला २० वर्षं ओळखतात, एवढंच उत्तर आहे माझ्याकडे. उद्या दुसऱ्याने माझं नाव सांगून फोन केला तर? बघतो काय करता येईल ते.

पेन्शनर पंचवटी
हरिहरवारी, ओळखीच्यांना सूट देण्याचा तुमचा विचार मलाही आवडला असता. पण भामट्याने आधी १ रुपया का पाठवला? देवाणघेवाणीचा इतिहास तयार करायला. "दहा वेळा" ठरवलं तर तो दहा रुपये खर्च करेल. आणि २,००० च्या मर्यादेने काय झालं ते वर लिहिलंच आहे, त्याने तुकडे पाडले.

तुमच्या रकमेच्या घोळावर मात्र तोडगा आहे. रक्कम भरलेला क्यूआर बनवा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये स्वतःचा क्यूआर दाखवताना रक्कम टाकायची सोय असते. त्या चित्रामागे साधारण अशी एक ओळ असते:

```
upi://pay?pa=tumchaid@bank&pn=Tumche%20Nav&am=620.00&cu=INR&tn=Harihar
```

`pa` म्हणजे तुमचा आयडी, `am` रक्कम, `tn` शेरा. स्कॅन केला की ६२० आपोआप भरलेले दिसतात, चुकीच्या माणसाला जायचाही प्रश्न नाही. पण सुरुवात देणाऱ्याने करायची. ट्रेक संपल्यावर जीपमध्येच फोन पुढे करा, सगळे स्कॅन करतील.

रजनी_इंदिरानगर
सापडलं ते १४९! नातवाने गाण्याचं अ‍ॅप घेतलं होतं म्हणे. रद्द केलं. पेन्शनरकाका, आभारी आहे. (नातू रुसलाय.)

दिवाळीफराळ_गंगापूररोड
माझा प्रश्न थोडा वेगळा. मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते आणि पैसे साध्या बचत खात्यात घेते. मी दुकानही नाही आणि मैत्रीणही नाही. चकली-अनारशांच्या ऑर्डरी घेऊन लोक पैसे द्यायला विसरतात आणि पुन्हा पुन्हा मागायला मला लाज वाटते. रिक्वेस्ट जायची तेव्हा माझ्याऐवजी अ‍ॅप मागायचं. क्यूआर पाठवला तरी मेसेज मलाच करावा लागतो ना!

मेन रोड मेडिकल
ताई, धंदा आहे तर धंद्याचं खातं उघडा. पण त्याने क्यूआर मिळेल. रिक्वेस्टची सोय देतीलच असं नाही, ते सेवा कोणाकडून घेता त्यावर आहे. आधी विचारून घ्या.

सातपूरचा विनय
ताई, अर्धे पैसे आगाऊ घ्या, सोपं आहे.

दिवाळीफराळ_गंगापूररोड
शेजारणीकडून आगाऊ? तुम्ही घ्या बरं माझ्याकडे येऊन!

कॉलेज रोड
क्यूआरबद्दल माझं चुकलं, मान्य. पण एक सांगा काका, "पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा" म्हणूनही लोकांना लुटतातच की. त्यातही पिन देणाराच टाकतो. मग बटण काढून चोर फक्त शेजारच्या गल्लीत गेला, नाही का?

पेन्शनर पंचवटी
गेला असणार, मी नाही म्हणत नाही. तिथे त्याला आधी चित्र पाठवावं लागतं, मग समोरच्याला ते उघडून स्कॅन करायला लावावं लागतं. पायऱ्या वाढतात, एखाद्या पायरीवर माणूस थबकतो. विनयच्या आईसारखं कोणी टोकतं. पण त्याने किती वाचतील, ते मला छातीठोक सांगता येणार नाही.

विनय, तेव्हा सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला होतात का?

सातपूरचा विनय
दुसऱ्या दिवशी केला. वडिलांनी रात्रभर मला सांगितलंच नव्हतं. तोवर त्या खात्यातून पैसे पुढे गेले होते.

हरिहरवारी
काल अंजनेरीला जाऊन आलो. काकांचा क्यूआर जीपमध्ये फिरवला, ९ जणांनी जागेवर दिले, रक्कम बरोबर. दोघांच्या फोनला रेंज नव्हती, "घरी गेल्यावर टाकतो" म्हणाले. अजून टाकले नाहीत. त्या दोघांसाठी तरी मला ते बटण परत हवंय.