मदत हवी आहे: राजीनाम्याच्या पत्रात तक्रार नाही, तरी ती वाचली जातेय का?

पिग्मीवाली

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी जून 2023 पासून ज्युनियर डेव्हलपर आहे. आम्ही चौदा जण. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. मुख्य प्रॉडक्ट व्हीबी डॉट नेटमध्ये आहे, सरांनी स्वतः लिहिलेलं. पिग्मी एजंटसाठीचं मोबाइल ॲप मी लिहिलं. आता पुण्यातल्या एका स्टार्टअपची ऑफर आली आहे आणि त्यांना मी 1 एप्रिलला हवी आहे. नेमणूकपत्रात नोटीस 60 दिवसांची आहे.

सरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे मनापासून सांगते. ऑफिसचा सगळा पत्रव्यवहार मराठीत असतो, म्हणून पत्रही मराठीतच लिहिलंय. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, "अगं, रागावून चालल्यासारखं वाटतंय." मला तरी तसं काही दिसत नाही. मजकूर असा:

> महोदय, गेली अडीच वर्षे मी आपल्या कंपनीत कार्यरत आहे. आधुनिक तंत्रज्ञानावर काम करण्याची इच्छा असल्याने मी पुण्यातील एका वेगाने वाढणाऱ्या स्टार्टअपमध्ये रुजू होण्याचा निर्णय घेतला आहे. त्यामुळे नाइलाजाने राजीनामा देत आहे. माझ्याकडून काही चुकले असल्यास क्षमस्व. कृपया मला 31 मार्चपर्यंत कार्यमुक्त करून अनुभवपत्र द्यावे ही विनंती.

नेमकं काय खटकतंय? पुढच्या शनिवारी, 31 जानेवारीला द्यायचा विचार आहे.

निवृत्त_लिपिक

पत्राला आकारच नाही. वर जावक क्रमांक, 'विषय', 'संदर्भ' हवा. सुरुवात 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी करावी आणि शेवटी 'राजीनामा मंजूर करावा ही नम्र विनंती' लिहावे. मंजुरीशिवाय राजीनामा लागू होत नाही. आमच्या खात्यात एकाचा राजीनामा सात महिने टेबलावर पडून होता.

जुना_बग

काका, विषयाची ओळ हवी हे खरं. पण जावक क्रमांक कार्यालय घालतं, कर्मचारी नाही. आणि चौदा जणांच्या ऑफिसात 'उपरोक्त विषयास अनुसरून' वाचलं की सरांना वाटेल पोरीने वकील गाठलाय.

पिग्मीवाली, तुझी मैत्रीण बरोबर आहे. मी वीस वर्षं या धंद्यात आहे आणि आता राजीनामे माझ्या टेबलावर येतात, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

'आधुनिक तंत्रज्ञान' हे तुझ्या दृष्टीने स्वतःबद्दलचं वाक्य आहे. पण वाचणाऱ्या माणसाने ते व्हीबी डॉट नेट स्वतःच्या हाताने लिहिलंय. त्याला ऐकू येतं, "तुमचं जुनाट आहे." 'वेगाने वाढणाऱ्या'चंही तेच, म्हणजे तुम्ही वाढत नाही. 'नाइलाजाने' वाचून मी तरी विचारलं असतं, की बाई, नाइलाज कुणी केला? आणि 'काही चुकले असल्यास' हे आपण लग्नपत्रिकेपासून निरोपसमारंभापर्यंत सवयीने म्हणतो, पण राजीनाम्यात ते आलं की काहीतरी बिनसलं होतं असा वास येतो.

जायचं कारण एका ओळीत, तुलना न करता सांग. नव्या जागेचं वर्णन नको, विशेषण तर एकही नको. आणि आभार मानायचे तर एखाद्या खऱ्या गोष्टीचे मान. सध्याच्या मजकुरात आभाराचा शब्दच नाही, हे लक्षात आलं का?

स्टार्टअपमध्ये_होरपळलेला

ऑफरमध्ये ईसॉप आहे का ते आधी बघ. पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलंस तर हातात एक शेअरही येत नाही. मी अकराव्या महिन्यात सोडलं होतं. शिवाय त्यांच्याकडे किती महिन्यांचा पैसा शिल्लक आहे ते विचार. माझा सल्ला, जाऊच नकोस.

पिग्मीवाली

@स्टार्टअपमध्ये_होरपळलेला, जायचं ठरलंय हो, प्रश्न फक्त पत्राचा आहे. ईसॉपचं मात्र बघते, तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

@जुना_बग, आभार कसे राहून गेले कळलंच नाही. सांगण्यासारखी खरी गोष्ट एक आहे. मार्च 2024, माझी पहिली वर्षअखेर. एका संस्थेच्या एका शाखेत सेव्हिंगचं सहामाही व्याज मी दोनदा पोस्ट केलं. रात्री साडेदहाला कळलं. सर घरून परत आले, आम्ही पहाटेपर्यंत बसून सगळ्या नोंदी उलट्या फिरवल्या. सकाळी संस्थेच्या मॅनेजरला सर म्हणाले, "आमच्याकडून चूक झाली." माझं नाव घेतलं नाही, नंतरही कधी नाही. हे पत्रात लिहू का?

मीनल_एचआर

लिहू नकोस. भावना छान आहे, पण पत्र फाइलला लागतं. उद्या कंपनी विकली, भागीदार आला किंवा त्या संस्थेशी वाद झाला, तर 'व्याज दोनदा जमा झाले होते' हे तुमच्याच ऑफिसच्या फाइलमध्ये लेखी सापडेल. ग्राहकाच्या कामात झालेल्या चुकीचा तपशील राजीनाम्यात कधीच नको. ही गोष्ट समोर बसून सांग, पत्र द्यायच्या आधी. पत्रात 'पहिल्या वर्षअखेरीला आपण पाठीशी उभे राहिलात' एवढंच पुरे. सरांना कळेल, तिसऱ्याला कळणार नाही.

अनुभवपत्राची मागणीही या पत्रातून काढ. निरोपाच्या शेवटच्या ओळीत मागणी आली की वरचे आभार तेवढ्यासाठीच होते असं वाटतं. ते शेवटच्या आठवड्यात वेगळ्या मेलने माग. चौदाच जण आहात म्हणजे पीएफ बहुधा नसेल, मग तुझ्या अडीच वर्षांचा मुख्य पुरावा तोच. पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंटही जपून ठेव.

दोन_घरचा_पाहुणा

माझा किस्सा सांगतो. मी 'घरगुती कारणास्तव' लिहिलं होतं, म्हणजे कुणाचं मन दुखायला नको. सरांनी आईच्या तब्येतीची चौकशी केली, आगाऊ पगार देऊ का विचारलं. मी मान हलवत राहिलो. तीन आठवड्यांनी लिंक्डइनवर नवी कंपनी टाकली आणि ती त्यांनी पाहिली. आज सहा वर्षं झाली, बोलत नाहीत. स्टार्टअप आहे तर स्टार्टअप म्हण, बाई.

मीनल_एचआर

'स्टार्टअप' म्हणावं, नाव मात्र लिहू नये, असं माझं मत. विचारलं तर तोंडी सांगावं.

जुना_बग

इथे मी थोडा वेगळा आहे. कोल्हापूर-पुणे वर्तुळ लहान आहे, नाव आज ना उद्या कळतंच. पण पत्रात ते असायलाच हवं असंही नाही. सोड.

माझा खरा मुद्दा तारखेचा आहे. 31 जानेवारीला पत्र दिलंस तर तो पहिला दिवस धरून साठावा दिवस 31 मार्च येतो. सोमवारी, 2 फेब्रुवारीला दिलंस तर 2 एप्रिल, म्हणजे स्टार्टअपची तारीख चुकते. म्हणून तू शनिवार धरला आहेस, हिशेब बरोबर आहे. पण पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी आणि तू 31 मार्चच्या रात्री निघणार? व्याज पोस्टिंग, एनपीए तरतूद, ताळेबंद जुळत नाही म्हणून येणारे फोन, हे सगळं 1 आणि 2 एप्रिललाच येतं. पत्र कितीही गोड लिही, 1 तारखेला सकाळी फोन वाजेल आणि तू पुण्यात ओरिएंटेशनला बसलेली असशील. तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहील.

स्टार्टअपला विचार, सोमवार 6 एप्रिल चालेल का? तुमच्याकडे शनिवार चालू असतो ना? मग शेवटचा दिवस शनिवार 4 एप्रिल लिही. नोटिशीपेक्षा चार दिवस जास्त होतात, आणि ते 'वर्षअखेर पूर्ण करून' असं पत्रात सांगता येतं. या एका ओळीत जेवढी कृतज्ञता आहे तेवढी 'ऋणी राहीन'मध्ये नाही.

निवृत्त_लिपिक

मंजुरीचा मुद्दा अजून राहिलाच.

मीनल_एचआर

काका, सरकारी सेवेत तुमचं बरोबर. खासगीत नेमणूकपत्रातलं कलम बघायचं. काहींमध्ये 'स्वीकृतीनंतर' असं असतं, काहींमध्ये फक्त मुदत असते. पिग्मीवाली, तुझ्या पत्रात काय आहे ते नीट वाच. काहीही असलं तरी भाषा 'मंजूर करावा' ऐवजी 'राजीनामा सादर करत आहे' ठेव. त्यात नम्रता कमी होत नाही.

पिग्मीवाली

कलम वाचलं. 'दोन्हीपैकी कोणत्याही पक्षाने 60 दिवसांची लेखी सूचना' एवढंच आहे. स्टार्टअपला 6 एप्रिलचं विचारलंय, गुरुवारपर्यंत कळवतो म्हणालेत. ते हो म्हणतील असं धरून पुन्हा लिहिलं:

> दि. 31 जानेवारी 2026
>
> विषय: राजीनाम्याबाबत
>
> आदरणीय सर,
>
> सप्रेम नमस्कार. ज्युनियर डेव्हलपर या पदाचा राजीनामा मी या पत्राद्वारे सादर करत आहे. पुण्यातील एका स्टार्टअपमध्ये काम करण्याचे मी ठरवले आहे. या मार्चची वर्षअखेर पूर्ण करून शनिवार, दि. 4 एप्रिल 2026 हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल.
>
> पतसंस्थेचा ताळेबंद कसा वाचायचा हे मी इथे शिकले. पिग्मी ॲपचे काम आपण नवख्या मुलीच्या हाती सोपवलेत आणि पहिल्या वर्षअखेरीला माझ्या पाठीशी उभे राहिलात, याबद्दल मनापासून आभार.
>
> ॲपच्या सिंक आणि पावती प्रिंटिंगच्या भागाची लेखी माहिती मी 28 फेब्रुवारीपर्यंत तयार करेन आणि आपण सांगाल त्या सहकाऱ्याला सोबत बसून समजावून देईन.
>
> आपली विश्वासू

दोन_घरचा_पाहुणा

आता कसं, माणसाने माणसाला लिहिल्यासारखं.

जुना_बग

'नवख्या मुलीच्या' मधलं 'मुलीच्या' काढ, 'नवख्या व्यक्तीच्या' कर. बाकी हात लावू नकोस. 28 फेब्रुवारी लिहिलंस ते फार बरं केलंस, मार्चमध्ये ऐकायला कुणाला वेळ नसतो. फक्त ती तारीख पाळ. आणि स्टार्टअपचं उत्तर येईपर्यंत 4 एप्रिल छापू नकोस.

निवृत्त_लिपिक

दोन प्रती काढा. एकीवर पोच घ्या, सही व तारखेसह.

पिग्मीवाली

सरांकडे पोच मागायची म्हणजे मला अवघड वाटतंय, काका. आधी बोलेन, मग हातात पत्र देईन आणि लगेच तेच पीडीएफ माझ्या जीमेलवरून त्यांना मेल करेन. मेलवर तारीख येतेच ना? का वहिनींकडे आवक रजिस्टर असतं, त्यात नोंद करून घेऊ? सरांच्या आधी वहिनींना कळलं तर तेही बरं दिसणार नाही.

मीनल_एचआर

आधी सर, मग मेल, मग वहिनी. त्याच दिवशी, त्याच क्रमाने.