मदत हवी आहे: फुल मॅरेथॉनच्या आदल्या रात्रीचं जेवण

नमस्कार मंडळी, मी म्हापशाचा. वजन ६२ किलो, रविवारी पहाटे ४२ किलोमीटर धावायचंय. आदल्या दिवशी किलोमागे १० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ६२० ग्रॅम, असा बेत आहे. दिवसभरात वाटून घेतोय, त्यातलं रात्रीच्या जेवणाला किलोमागे अडीच ठेवलं, तर १५५ ग्रॅम होतात.

शिजलेल्या पांढऱ्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम धरले. ४०० ग्रॅम भाताचे ११२, एका केळ्याचे २५, उरलेले १८ पातळ वरण आणि चमचाभर गुळातून. भात शिजल्यावरच तोलायचा, कारण कच्च्या १०० ग्रॅममध्ये जवळपास ८० असतात.

अडचण अशी की घरी उकड्याचा भात आणि नारळाचं हुमण. आई म्हणते, "हुमणाशिवाय भात घशाखाली उतरतो तरी का?" पण नारळाच्या स्निग्धांशाने पोट लवकर रिकामं होत नाही, पहाटे जड वाटतं. कोंड्याची पोयही त्या रात्री नको, तंतू जास्त.

अनुभवींनो, सातला एवढा भात एका बैठकीत जातो का? की ५० ग्रॅम दुपारकडे सरकवू? आणि हुमणाऐवजी भातावर काय घेता?