एकदाच्या कामावर खूश झालेल्या ग्राहकाला वर्षाचा करार कसा सुचवावा?

कोपऱ्यातली_वही

नमस्कार. मी कोल्हापुरात घरून हिशेब लिहिण्याचे काम करते. शिरोली एमआयडीसीतील एका छोट्या फॅब्रिकेशन कारखान्याचे साचलेले हिशेब मी नुकतेच टॅलीवर पूर्ण करून दिले आणि त्याचे २८,००० रुपये ठरल्या दिवशी हातात पडले. मालक इतके समाधानी आहेत की चहा पिताना स्वतःच म्हणाले, "आता परत असं साचू द्यायचं नाही." तेव्हाच वार्षिक कराराचे बोलायला हवे होते, पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सोमवारी शेवटच्या फायली द्यायला जायचे आहे. रक्कम किती सांगावी आणि विषय कसा काढावा, हे कृपया लवकर सांगावे.

जमाखर्ची

आपण रक्कम विचारता, पण ती ज्यावर ठरते त्यातले काहीच लिहिलेले नाही. किती महिन्यांचे काम साचले होते, महिन्याला खरेदीची बिले किती येतात, जीएसटीचे विवरणपत्र कोण भरते आणि ते मासिक आहे की तिमाही? एकूण तास किती लागले, याची नोंद ठेवली असेल तर तीही द्यावी.

चटणीभाकर

इतकी चौकशी कशाला? २८,००० ला महिन्यांनी भागावे, वर्षाचे काम मिळते म्हणून २० टक्के सूट द्यावी आणि वर १८ टक्के जीएसटी लावावा. माझ्या मेहुणीने शिकवणीचे असेच केले आणि तिच्याकडे मुले टिकून आहेत.

जमाखर्ची

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि त्याने स्वतःहून नोंदणी घेतली नसेल, तर त्याला जीएसटी आकारताच येत नाही. घरून काम करणाऱ्या बाईंनी बिलात १८ टक्के लावले, तर पहिला आक्षेप ग्राहकाचा सीएच घेईल. भागाकाराचे उत्तर तपशील आल्यावर देतो.

कोपऱ्यातली_वही

क्षमस्व, हे सगळे मला इतके पाठ आहे की लिहायचेच राहिले. एप्रिल २०२४ ते जून २०२५ असे १५ महिने साचले होते. महिन्याला खरेदीची साधारण ८० बिले आणि विक्रीची २५ असतात. विवरणपत्र मासिक आहे आणि ते त्यांचे सीए भरतात. आतापर्यंत मालकांचा पुतण्या व्हॉट्सअॅपवर जेवढ्या बिलांचे फोटो पाठवी, तेवढ्यांचेच भरले जाई. माझे एकूण ६२ तास गेले. एकट्या जूनला मात्र ७ तास लागले, कारण तो चालू महिना असल्याने पुरवठादारांना फोन करून बिले मागवावी लागली. न घेतलेले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची मिळणारी वजावट, ९६,४०० रुपयांचे निघाले. त्यातले ७१,००० सीएंनी जुलैच्या विवरणपत्रात घेतले.

लेथवाला

मी ग्राहकाच्या बाजूने लिहितो, कारण माझेही छोटे वर्कशॉप आहे. वार्षिक करार म्हटले की आम्हाला पहिली शंका येते ती ही, की ज्या महिन्यात काम नसेल त्या महिन्याचे पैसे का द्यायचे? तुम्ही एकदा घर झाडून दिलेत, आता पुतण्याला दोन दिवस बसवून शिकवले की झाले, असेच मालकांच्या मनात असणार.

ओसरीवरून

वार्षिक कराराच्या नादी लागू नये, हा माझा अनुभव आहे. पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा करार केला, वर्षभराचे पैसे आधी भरले आणि माणूस दोनदाच आला. फिल्टर बदलायचे पैसे वेगळे मागितले ते निराळेच.

जमाखर्ची

ओसरीवरून, आपला करार घेणाऱ्याचा आहे, इथे देणाऱ्याचा प्रश्न आहे. तरी त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. करारात काय येते आणि काय येत नाही, हे लिहिलेले नसले की हेच होते.

आता भागाकार. ६२ तासांना १५ ने भागले तर महिन्याला चार तास येतात आणि नेमके तिथेच फसायला होते. जुने महिने बँकेचे उतारे समोर ठेवून एकगठ्ठा उरकता येतात, चालू महिन्यात मात्र बिलाच्या मागे धावावे लागते. म्हणून मोजमाप जूनचे धरावे. बारा महिन्यांचे ८४ तास, एप्रिलमध्ये वर्ष बंद करायला १० आणि नोव्हेंबरमध्ये मागच्या वर्षाचे राहिलेले क्रेडिट शोधायला ६, कारण ३० नोव्हेंबरनंतर ते घेता येत नाही. असे १०० तास झाले. आपला दर तासाला ४५० च्या आसपास पडला आहे, म्हणजे वर्षाचे ४५,००० आणि महिन्याचे ३,७५०. सूट देऊ नये. सूट दिली की २८,००० चा दर मुळात चढा होता, असा अर्थ निघतो.

एक गोष्ट आपण सांगितलीच नाही. ९६,४०० पैकी ७१,००० मिळाले, मग उरलेल्या २५,४०० चे काय झाले?

कोपऱ्यातली_वही

ती सगळी बिले पत्रा पुरवणाऱ्या एकाच पुरवठादाराची आहेत. त्याने ती आपल्या विक्रीच्या विवरणपत्रात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, दाखवलीच नाहीत, त्यामुळे ज्या यादीवरून क्रेडिट घेता येते त्या आमच्या २बी मध्ये ती आली नाहीत. त्याला पूर्ण पैसे दिले गेले आहेत आणि आता तो फोन उचलत नाही.

जमाखर्ची

मग आपला प्रस्ताव इथेच आहे आणि लेथवाल्यांच्या शंकेचे उत्तरही. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत बिले गोळा करायची, विक्रीची यादी ९ ला सीएंकडे द्यायची म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ ची मुदत चुकत नाही आणि १४ ला २बी आली की १६ पर्यंत जुळवून कोणाचे बिल आले नाही ते मालकांना कळवायचे. सीए २० ला कर भरण्याचे मासिक विवरणपत्र, म्हणजे ३बी, भरतात. त्या पुरवठादाराचे पहिले बिल गळले, तेव्हाच हे कळले असते तर पुढच्या बिलांचे पैसे, निदान कराइतके, थांबवता आले असते. पैसे दिल्यावर हातात काही उरत नाही. म्हणून पुतण्याला नोंदी शिकवल्या तरी १४ ते १६ तारखेचे काम उरतेच.

सोमवारी एकच पान न्यावे. वर हे २५,४००, खाली या तारखा, त्याखाली ३,७५०. जीएसटीची नोटीस, बँकेच्या कर्जाची कागदपत्रे आणि जुन्या वर्षांचे काम यात येत नाही, हेही लिहावे. सीएंना आधी फोन करावा, नाहीतर त्यांना वाटेल की त्यांचेच काम काढून घेतले.

लेथवाला

हे मला पटले. मात्र एकदम वर्षाची सही मागू नये. मी तरी आधी तीन महिने पाहीन.

जमाखर्ची

तीन महिन्यांत एप्रिलही येत नाही. वर्षाचाच करार असावा, पैसे दर महिन्याला घ्यावेत आणि एक महिन्याच्या सूचनेने कोणालाही बाहेर पडता यावे.

लेथवाला

एक महिन्याच्या सूचनेने मोडतो तो वर्षाचा करार कसला? तीन महिने म्हणणे सरळ आहे.

कोपऱ्यातली_वही

काल जाऊन आले. सीए उलट खूश झाले, कारण व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंना तेही कंटाळले होते. मालकांनी पान दोनदा वाचले, ३,७५० वर काही बोलले नाहीत आणि २५,४०० च्या आकड्यावर बोट ठेवून बसले. मग हळूच म्हणाले, "हा पत्र्याचा माणूस माझा सख्खा साडू आहे. त्याचे पैसे थांबवायचे कोणी सांगायचे, तुम्ही की मी?" दिवाळीनंतर बोलू, असे ठरले आहे. तो आकडा पानावर ठेवावा की काढावा?

जमाखर्ची

आकडा ठेवावा, पुरवठादाराचे नाव काढावे. आणि दिवाळीपर्यंत थांबू नये. ऑक्टोबरची २बी १४ नोव्हेंबरला येईल आणि ३० तारखेला दार बंद होईल. साडूने बिले दाखवायची तर त्याला निदान तेवढे तरी आत्ता कळवायला हवे.

चटणीभाकर

साडूकडून पत्रा घ्यावाच कशाला?