विषय: परदेशी प्राध्यापकांना पहिली मेल (गुलाबी बोंडअळी)

मंडळातील सर्वांना नमस्कार,
मामांच्या खात्यावरून लिहीत आहे. मी दारव्हा तालुक्यातील असून कीटकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. अमेरिकेतील एका प्राध्यापकांना पीएच.डी.साठी मेल पाठवून तीन आठवडे झाले, उत्तर नाही. सुरुवात “आदरणीय महोदय, शेतकरी कुटुंबातील असल्याने मला बालपणापासून संशोधनाची आवड आहे” अशी होती. दोन हंगाम कामगंध सापळ्यांतील पतंग मोजल्याचा उल्लेख चौथ्या परिच्छेदात होता आणि सोबत सहा प्रमाणपत्रे जोडली होती. काय चुकले असावे?
— भाची

भाचीबाई, मेल आठ-दहा ओळींची हवी, एवढे नक्की. मात्र तीच मेल पन्नास जणांना धाडावी, एखादा तरी उत्तर देतोच.
— काका

काका, लांबीबद्दल आपले म्हणणे योग्य आहे. पण नाव बदलून फिरवलेली मेल पहिल्या ओळीतच ओळखू येते आणि तिथेच मिटवली जाते. मी स्वतः विद्यार्थी निवडते, म्हणून सांगते.

भाची, चौथा परिच्छेद वर आण. फरदड ठेवलेल्या आणि डिसेंबरात कपाशी उपटलेल्या शेतांतील सापळे तू वेगळे मोजले असशील, तर मजकूर साधारण असा होईल, अर्थात इंग्रजीत: “बोंडअळीच्या प्रतिकारशक्तीवरील आपला शोधनिबंध वाचला. आमच्याकडे फरदडीच्या शेतांत दर सापळ्यात रोज आठ पतंगांची पातळी लवकर ओलांडली गेली. हा परिणाम केवळ उरलेल्या अळ्यांचा की बीटी प्रथिनांविरुद्धच्या प्रतिकाराचा, हे सापळ्यांवरून कळत नाही. त्यासाठी अळ्यांची चाचणी हवी, आणि तेच काम मला आपल्याकडे करायचे आहे. पुढील फॉलसाठी आपण विद्यार्थी घेणार आहात का?” शोधनिबंध खरोखर वाचलेला असावा, कारण उत्तर आलेच तर पुढचा प्रश्न त्यावरच येतो. सोबत एक पानाचा बायोडाटा पुरे. प्रमाणपत्रे मागितल्यावर दे. बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबरच्या आसपास असते, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लिहिणे बरे.
— ताई

आमच्या चिरंजीवांना जर्मनीत कोणालाही मेल न लिहिता, जाहिरातीवरच पीएच.डी.ची जागा मिळाली. मग एवढा खटाटोप कशाला?
— वहिनी

वहिनी, तिकडे ती बहुधा पगारी नोकरी असते आणि जागा जाहीर होते. अमेरिकेतील कीटकशास्त्र विभागांत मात्र प्राध्यापकाकडे निधी आणि जागा नसेल, तर चांगला अर्जही अनेकदा अडतो.
— ताई

ताई, फरदडीचे सापळे मी वेगळे मोजले होते, पण एकाच हंगामात. दुसऱ्या वर्षी पावसाने सहा सापळे वाहून गेले. हे लिहावे की लपवावे?
— भाची

लिही. एका वाक्यात.
— ताई

निधीचे मात्र पहिल्याच मेलमध्ये विचारावे, असे माझे मत आहे.
— काका

मी विचारणार नाही, काका; पण यावर आमच्या विभागातही एकमत नाही.
— ताई