मदत हवी आहे: ईएसआय या कामगार विम्याचं इंग्रजी परिपत्रक बोर्डासाठी मराठीत कसं लिहू?

मिऱ्याकाठ: रत्नागिरीत मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. दोन पानी इंग्रजी परिपत्रक आलंय, उद्या सकाळच्या पाळीआधी मराठीत लावायचंय. मी लिहिलं: "पगार २१,००० च्या वर गेला की ईएसआय बंद." साहेब म्हणतात, तारखा गळल्या. एवढ्या तारखा घातल्या तर वाचणार कोण? लवकर सांगा.

काजूगर: वाढ कधीपासून, ते सांगितलंच नाहीस.

मिऱ्याकाठ: १ जुलैपासून. मेंटेनन्सचे काही जण २०,६०० वरून २१,४०० वर गेले. परिपत्रकात कॉन्ट्रिब्युशन पिरियड, बेनिफिट पिरियड असं बरंच आहे, ते गाळलं.

सडा७: मग बरोबरच लिहिलंय. २१,००० ओलांडले की माणूस बाहेर.

जुना हिशेबनीस: बाहेर, पण लगेच नाही. कपातीच्या सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच पगार वाढला तरी ती सहामाही संपेपर्यंत कपात चालू राहते, तीही पूर्ण पगारावर. २१,४०० चे पाऊण टक्का १६०.५०, वरचा रुपया धरून १६१. तुमची नोटीस वाचून जुलैच्या पगाराला फिटर भांडायला येईल. आणि गाळलंत तेच त्याच्या कामाचं आहे: एप्रिल ते सप्टेंबरच्या कपातीवर पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनचा लाभ मिळतो. कपात थांबली म्हणून कार्ड फेकलं, तर फेब्रुवारीत आजारी पडल्यावर हक्काचे पैसे बुडतील. त्या सहामाहीत ७८ दिवसांची कपात भरलेली हवी, तेही लिहा.

काजूगर: मी तर तक्ता करते. तारीख, रक्कम, संपलं.

जुना हिशेबनीस: तक्ता वाचून दाखवता येत नाही. आमच्याकडे पाळी सुरू होताना सुपरवायझर मोठ्याने वाचायचा. एका वाक्यात एकच तारीख ठेवा. आणि "३० सप्टेंबरपर्यंत" म्हटलं की तो दिवस धरायचा की नाही यावर वाद होतो. "३० सप्टेंबर धरून" लिहा.

वेंगुर्लेकर_का: माझा पीएफ जुन्या कंपनीतून अडकलाय, कुठे विचारू?

काजूगर: वेगळा धागा काढा. मिऱ्याकाठ, कॉन्ट्रिब्युशनला "अंशदान" हा शब्दही नको, "कपात" म्हणा.

सडा७: सरकारी शब्द बदलले तर उद्या अडचण येईल.

जुना हिशेबनीस: म्हणून खाली लिहायचं, "मूळ इंग्रजी परिपत्रक टाइम ऑफिसात पाहायला मिळेल."

मिऱ्याकाठ: असं केलंय:
"पगार २१,००० किंवा कमी असेल तर काहीच बदल नाही. १ जुलैपासून पगार २१,००० च्या वर गेलेल्यांची कपात ३० सप्टेंबर धरून चालू राहील. २१,४०० पगाराला महिना १६१ रुपये. १ ऑक्टोबरपासून कपात नाही. एप्रिल ते सप्टेंबर ७८ दिवसांची कपात भरली असेल, तर १ जानेवारी ते ३० जून आजारपणाचा लाभ मिळेल. कार्ड जपून ठेवा."
पहिलं वाक्य पॅकिंगच्या बायकांसाठी घातलं, नाहीतर त्यांना वाटेल आपलंही बंद झालं.

काजूगर: आणि जुलै ते डिसेंबर आजारी पडला तर?

जुना हिशेबनीस: त्याला मागच्या ऑक्टोबर ते मार्चची कपात लागते. नवीन लागलेल्यांचं वेगळं पाहावं लागेल. किती जण आहेत तसे?