जुनी डायरी वाचताना ‘ओशाळणे’ की ‘खजील होणे’?

पाटीपेन्सिल: कथेत पन्नाशीची बाई माळा आवरताना सतराव्या वर्षी लिहिलेली डायरी वाचते. नोंद अशी: ‘आज मरणाची वेदना म्हणजे काय ते कळलं. तो कँटीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसला.’ पुढे मी लिहिलंय, ‘वाचून ती खजील झाली आणि तिला स्वतःची कीव आली.’ काहीतरी खटकतंय.

भरतवाक्य: खजील बरोबर आहे. खजील म्हणजे लाज, फक्त जरा जास्त.

उंबरठा: जास्त-कमीचा प्रश्न नाही, समोर कोण आहे याचा आहे. खजील व्हायला बहुधा कुणीतरी पाहणारं लागतं. चोरी पकडली गेली की माणूस खजील होतो. वरमायलाही समोरून कुणी बोललेलं असतं, आवाज चढलेला माणूस त्यावर खाली येतो. माळ्यावर ती एकटी आहे. आपलंच आपल्याला उमगून चेहरा पडतो, ते ओशाळणं. त्यात हसूही मावतं, म्हणून ‘ओशाळं हसू’ म्हणतो; ‘खजील हसू’ क्वचितच कुणी म्हणेल.

दौत: डायरीला रोजनिशी म्हणा की! रोज निशी, म्हणजे रात्री लिहायची ती. आमच्या आजोबांची होती, दुधाच्या हिशेबासकट.

उंबरठा: निशेचा संबंध नाही. फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फडनवीसचा फडणीस झाला, चिटनवीसचा चिटणीस, त्याच घरातली ही रोजनिशी. दुधाचा हिशेब तिथे शोभतोच. पण १९८९ सालची कॉलेजातली मुलगी ‘डायरी’च म्हणणार.

पाटीपेन्सिल: आणि कीव?

उंबरठा: खटका तिथेच आहे. ‘स्वतःची कीव आली’ म्हटलं की आजची बाई रडत बसलेली दिसते. ‘स्वतःचं कौतुक वाटलं’ केलंत तर ती फुशारकी. मराठीत ‘स्वतः’ वाक्यातल्या कर्त्याला चिकटतं, आणि कर्ती आजची आहे. म्हणून धाकटीला वेगळी काढा: ‘ती ओशाळली. मग त्या पोरीबद्दल माया दाटून आली.’ ओशाळणं आजच्या बाईकडे राहतं, माया त्या पोरीकडे जाते.

भरतवाक्य: माया कशाला? कणव म्हणा, जास्त साहित्यिक.

उंबरठा: कणव दुःखी जिवाची येते. दुसऱ्या टेबलाचं दुःख तेवढं मोठं आहे का?

सायंतारा: त्या पोरीला होतंच ना. सतराव्या वर्षी टेबल बदललं की जग बदलतं. ‘पोरीबद्दल’मध्येही जरा वरून पाहणं आहे. मी ‘तिला जवळ घ्यावंसं वाटलं’ इतकंच लिहीन.

उंबरठा: हे माझ्यापेक्षा बरं आहे. कणवेबद्दल मात्र अजून पटलेलं नाही.

पाटीपेन्सिल: ‘ओशाळली’ पक्कं. कणव पेन्सिलीने लिहून ठेवते.